तुटलेली सोन्याची साखळी: डाख द्यावी की लेसर मारावा, आणि जोड पक्का झाला हे कसं ओळखावं

जळगावच्या सराफ बाजारात तुटलेली साखळी काउंटरवर ठेवली की हमखास प्रश्न येतो, "लेसर मारू की साधा टाका?" बहुतेक लोक एक तर स्वस्त असेल ते सांगतात, नाहीतर नवीन असेल ते. दोन्ही उत्तरं चुकू शकतात. कोणती पद्धत घ्यायची हे साखळी कुठे तुटली, कशाने तुटली आणि तुटल्या जागेच्या बोटभर अंतरात काय आहे यावर ठरतं. दोन्ही पद्धतींत काम खराब होऊ शकतं, पण खराब होण्याची तऱ्हा वेगळी असते, म्हणून तपासायची तऱ्हाही वेगळी. हा लेख भरीव, 22 कॅरेटच्या साखळीपुरता आहे, कारण आपल्याकडे घरोघरी तीच असते. पोकळ आणि मशीनच्या साखळ्यांबद्दल जिथे गरज आहे तिथेच लिहिलं आहे.

1. आधी तुटलेली टोकं पाहा

दुकानात जाण्यापूर्वी हे घरीच करा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून पाहिला तरी बरंचसं दिसतं. तुटलेल्या कडीची दोन्ही टोकं नीट पाहा.

टोक सपाट, मंद रंगाचं आणि कडीच्या तारेइतकंच जाड असेल, तर कडी तिच्या जुन्या जोडावरच सुटली आहे. डाख कच्ची होती. सोनं झिजलेलं नाही, नुसतं पुन्हा जोडलं तरी चालेल.

टोक बारीक होत गेलेलं असेल आणि आतल्या बाजूला, जिथे एक कडी दुसरीवर बसते तिथे खाच पडलेली असेल, तर ती झीज आहे. इथे नुसतं जोडून उपयोग नाही, कारण जोडणारा त्या बारीक टोकांनाच जोडणार. शिवाय एका कडीला खाच पडली असेल तर शेजारणीलाही पडलेली असतेच. शेतात वावरणाऱ्या माणसाच्या साखळीत धूळ, घाम आणि तेल मिळून कड्यांच्या मध्ये एक खरखरीत लेप बसतो आणि तोच सोनं खात राहतो. रावेर-यावलकडे केळीचा चीक त्यात भर घालतो. तो वाळला की काळा होऊन कड्यांत घट्ट बसतो.

कडी तुटलेली नसून ताणून उघडलेली असेल, तर साखळीला हिसका बसला आहे. दोन्ही टोकं जाड असतील पण एकमेकांपासून लांब गेली असतील. ही सगळ्यात सोपी दुरुस्ती.

आणखी एक गोष्ट क्वचित आढळते, पण पाहायलाच हवी. तुटल्या जागी सोनं पांढुरकं झालं असेल आणि खपली निघाल्यासारखं ठिसूळ असेल, तर त्याला पारा लागला आहे. फुटलेल्या थर्मामीटरचा एक थेंबही पुरतो. अशी साखळी जाळावर धरली तर पाऱ्याची विषारी वाफ निघते. कारागिराला हे आधीच सांगा. आणि आपण स्वतः घरी ती गॅसवर तापवून पाहायच्या भानगडीत पडू नका.

2. सोबत काय न्यायचं आणि पावतीवर काय लिहून घ्यायचं

साखळीबरोबर गळून पडलेले सगळे तुकडे न्या, अर्धी कडी असली तरी. खरेदीचं बिल असेल तर तेही न्या, कारण त्यावर कॅरेट असतं आणि डाखेचा किंवा तारेचा कस त्यावरून ठरतो.

साखळीवर हॉलमार्क असेल तर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक शोधा. तो सहसा फाशावर किंवा फाशाजवळच्या छोट्या पट्टीवर असतो. तो वहीत लिहून ठेवा आणि `BIS Care` अॅपमध्ये टाकून जुळतो का ते पाहा. 1 एप्रिल 2023 पासून दुकानदाराला हा क्रमांक नसलेला नवा हॉलमार्क दागिना विकता येत नाही. त्याआधीच्या दागिन्यावर क्रमांक नसला तर त्यात बिघडण्यासारखं काही नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच की दुरुस्तीत फासा बदलला तर क्रमांकाची पट्टीही जाऊ शकते. जुना फासा किंवा पट्टी परत मागून घ्या.

दुरुस्तीच्या पावतीवर या गोष्टी हव्यात: ग्रॅमच्या पुढे तीन आकड्यांपर्यंतचं वजन, साखळीची लांबी, कॅरेट, एचयूआयडी, कुठली कडी तुटली आहे (फाशापासून कितवी), आणि पद्धत. वजन तुमच्यासमोर करून घ्या आणि काट्यावरच्या आकड्यासह साखळीचा फोटो काढा. चोपडा, पाचोरा, शहादा अशा गावी दुकानात लेसर यंत्र नसलं तर साखळी दुसरीकडे पाठवली जाते. मग ती दोन-तीन हातांतून जाते, आणि तेव्हा पावतीवरचं तीन आकडी वजन हाच तुमचा आधार असतो.

3. डाख दिल्यावर नेमकं काय होतं

डाख म्हणजे साखळीच्या सोन्यापेक्षा कमी उष्णतेवर वितळणारं सोन्याचंच मिश्रण. कारागीर कडीची टोकं अगदी चिकटवून बसवतो, सवागी लावतो, डाखेचा बारीकसा कण जोडावर ठेवतो आणि ज्योत मारतो. कडी तापली की कण वितळतो आणि दोन टोकांच्या फटीत ओढला जातो. ही ओढ फट बारीक असली तरच लागते. टोकांमध्ये उजेड दिसत असेल तर डाख ती जागा भरून काढत नाही. ती वर गोळा होऊन बसते आणि आत पोकळी राहते. त्यामुळे डाखेच्या कामात अर्धं कौशल्य ज्योतीच्या आधीचं असतं: कानशीने टोकं सरळ करणं आणि चिमट्याने घट्ट भिडवणं.

चांगली डाख पूर्ण जाडीभर आत जाते. सोनाराच्या हाताला सवय असेल तर साध्या, जाड कडीसाठी हा जोड लेसरपेक्षा तसूभरही कमी नाही. जुनी पद्धत म्हणजे कमकुवत, असं समजू नका.

अडचण वेगळीच आहे. सोनं उष्णता फार झपाट्याने वाहून नेतं. एक कडी तापवायला गेलं तर शेजारच्या चार-पाच कड्या तापतात. त्यातून तीन त्रास होतात.

पहिला, डाख जिथे स्वच्छ आणि गरम सोनं दिसेल तिथे पळते. शेजारच्या कडीत शिरली की दोन कड्या एकमेकींना चिकटतात आणि साखळी त्या जागी काडीसारखी ताठ होते. हे टाळायला कारागीर शेजारच्या कड्यांना गेरूचा पातळ लेप देतो, किंवा त्या जाड चिमट्यात पकडतो म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. दुसरा, तापलेलं सोनं मऊ पडतं. नवी साखळी तार ओढून बनवलेली असते आणि त्या ओढण्याने ती कडक झालेली असते. ज्योतीने तो कडकपणा जातो, आणि जोड पक्का असूनही दोन-तीन सेंटिमीटरचा भाग पुढे ताणला जाऊ शकतो. तिसरा, जवळ जे काही नाजूक आहे ते जातं. मंगळसूत्रातले काचेचे काळे मणी तडकतात, मीनाकाम फुटतं, लाखेवरच्या मण्यातली लाख वितळून बाहेर येते, आणि फाशात पोलादी स्प्रिंग असेल तर तिचा ताण कायमचा जातो.

डाखेबद्दल एक प्रश्न मात्र जरूर विचारा: "कॅडमियमची आहे का?" लोक ज्याला केडीएम म्हणतात ती हीच, 92 टक्के सोनं आणि 8 टक्के कॅडमियम. ती सुरेख वाहते आणि कसही टिकवते, पण कॅडमियम 767 अंशांना उकळतं आणि डाख त्याहून जास्त तापवावी लागते. ती वाफ ज्योतीसमोर बसलेल्या माणसाच्या फुप्फुसात आणि मूत्रपिंडात जाते. अंगावर घालणाऱ्याला धोका नाही, कारागिराला आहे. जस्त किंवा इंडियम घातलेली, कॅडमियम नसलेली डाख मिळते. तीच मागा.

4. लेसरमध्ये काय होतं

इथे दुसरा धातू मध्ये आणावा लागत नाही. साखळीचंच सोनं वितळवून एकमेकांत मिसळतात आणि जागा भरायला त्याच कॅरेटची केसासारखी तार वापरतात. दागिन्यांच्या यंत्रात कारागीर दोन्ही हात आत घालून, सूक्ष्मदर्शकातून पाहत, पायाने बटण दाबतो. प्रत्येक दाबाला काही मिलिसेकंदांचा एक ठोका पडतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा एक ठिपका वितळतो. वितळलेल्या सोन्याला हवा लागू नये म्हणून वरून आर्गॉन वायू सोडतात. सगळी उष्णता त्या ठिपक्यातच संपते, म्हणून दोन मिलिमीटरवरचा काळा मणीही शाबूत राहतो आणि कारागीर साखळी उघड्या बोटांनी धरू शकतो.

गंमत म्हणजे या यंत्रांच्या किरणाची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर असते आणि शुद्ध सोनं वितळतं ते 1064 अंश सेल्सिअसला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यामुळे काम सोपं होत नाही. उलट सोनं हा किरण जवळजवळ सगळा परतवून लावतं, आणि कॅरेट जितकं जास्त तितकं हे प्रमाण वाढतं. म्हणून 18 कॅरेटवर सहज बसणारा ठोका 22 कॅरेटवर नुसता चमकून जातो. कारागीर शक्ती वाढवतो, आणि पृष्ठभाग एकदा वितळला की तो एकदम जास्त उष्णता शोषू लागतो. मग खड्डा पडतो किंवा बारीक तार आरपार जळते. जोडावर काळ्या मार्कर पेनचा टिपका दिला तर किरण आधीच शोषला जातो. तुमच्या साखळीवर कोणी पेन फिरवताना दिसलं तर घाबरू नका, तो जाणकार आहे.

लेसरची खरी खोट खोलीत आहे. एक ठिपका काही दशांश मिलिमीटरच खाली जातो. कडीची तार एक मिलिमीटर जाड असेल आणि कोणी वरून चार ठोके मारून मोकळा झाला, तर वरची कातडी जोडली जाते आणि पोटात फट तशीच राहते. पॉलिश केल्यावर हा जोड देखणा दिसतो. आठ-पंधरा दिवसांनी साखळी एका कुशीवर वळली की तो उघडतो. बरोबर रीत अशी: दोन्ही टोकं कानशीने उतरती करून मध्ये खाच ठेवायची, आधी तळाशी ठोके मारून टोकं एकमेकांना धरवायची, मग तार घालत खाच भरत वर यायचं, आणि साखळी फिरवून मागच्या बाजूनेही तेच करायचं. याला वेळ लागतो. लेसरचं काम दोन मिनिटांत हातात आलं तर शंका घ्या.

5. मग कुठे काय

तुटलेली जागा फाशाच्या स्प्रिंगजवळ, काळ्या मण्यांजवळ, खड्याजवळ, मीन्याजवळ किंवा लाखेच्या मण्याजवळ असेल तर लेसर. इथे वाद नाही.

पेटी चेन, साप चेन, बारीक दोरी चेन अशा मशीनच्या साखळ्यांत कड्या इतक्या दाट असतात की डाख एकाच कडीत थांबवणं फार कठीण. तिथेही लेसरच. पोकळ साखळीत डाखेचे दोन वेगळे धोके आहेत. पातळ भिंत बसून जाते, आणि नंतर काळवंडी काढायला वापरलेलं आम्ल पोकळीत शिरून महिनोन्‌महिने पाझरत राहतं. पण पोकळ साखळीची भिंत लेसरनेही सहज जळते, म्हणून शेजारच्या कड्या दबलेल्या किंवा भोकं पडलेल्या असतील तर दुरुस्तीपेक्षा मोड घालणं शहाणपणाचं.

साखळीच्या मध्यावर, जवळ काही नाजूक नाही, कड्या मोठ्या आणि भरीव, तार साधारण एक मिलिमीटर किंवा जास्त, अशा वेळी चांगल्या हाताची डाख घ्या. पुरुषांचा जाड गोफ असेल तर त्याच्या पूर्ण जाडीतून जोड आणायला लेसरला अनेक थर भरावे लागतात. डाख तिथे एका ज्योतीत आत जाते.

झिजलेल्या कडीला मात्र दोन्ही नको. तिथे कडीच बदलायची. बसणाऱ्या जागी मूळ जाडीच्या निम्म्याहून कमी सोनं उरलं असेल तर ती कडी जोडण्याच्या लायकीची राहिलेली नाही.

6. एक हिशेब, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा 22 कॅरेटची, हाताने घडवलेली साखळी आहे, पावतीवर वजन 15.240 ग्रॅम. फाशाला लागून असलेली कडी तुटली आहे. तार मुळात 0.9 मिलिमीटर, पण खाच पडून तुटल्या जागी 0.4 उरली आहे. फाशात स्प्रिंग आहे.

निर्णय दोन टप्प्यांत होतो. 0.4 हे 0.9 च्या निम्म्याहून कमी, म्हणून कडी बदलायची. फाशात स्प्रिंग आहे, म्हणून नवी कडी लेसरने बंद करायची. शेजारच्या कड्यांची खाचेपाशी उरलेली जाडी मोजली आणि ती 0.7 निघाली, तर त्या ठेवायच्या.

आधी साखळी धुतली जाते. मळ गेल्यावर वजन 15.215 येतं. ही 25 मिलिग्रॅमची घट सोन्याची नाही, पण धुतल्यावरचं वजन तुमच्यासमोर झालं नाही तर पुढचा सगळा हिशेब धूसर होतो. म्हणून धुऊन पुन्हा वजन करायला सांगा आणि तो आकडाही पावतीवर घ्या. धुणं जोडासाठीही लागतंच, कारण फटीतला मळ जळून वायू होतो आणि जोडात बुडबुडे सोडतो.

जुनी कडी निघाली, ती झिजून 95 मिलिग्रॅमची झालेली. साखळी उरली 15.120 ग्रॅम. नवी कडी 0.9 च्या तारेची, आतून अडीच मिलिमीटर रुंद. तिचं वजन साधारण 120 मिलिग्रॅम भरतं. आता साखळी पुन्हा 15.240. लेसरच्या तारेचे दोनेक मिलिग्रॅम आत गेले, पॉलिशला आठेक मिलिग्रॅम गेले, हातात आली 15.234.

काट्यावर पाहिलं तर जवळजवळ काहीच बदललेलं नाही. तरीही सराफाने 120 मिलिग्रॅम सोन्याचे पैसे लावले तर ते बरोबर आहेत, पण मग 95 मिलिग्रॅमची जुनी कडी तुम्हाला परत मिळाली पाहिजे किंवा तिची वजावट झाली पाहिजे. बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते, आणि बरेचदा लबाडीपेक्षा कोणी विचारत नाही म्हणून.

याच साखळीची मधली धड कडी जुन्या जोडावर सुटली असती तर डाख दिली असती, आणि वजनात एक-दोन मिलिग्रॅमची भर पडली असती. एका कडीच्या फटीत मावते ती डाख इतकीच असते. म्हणून धुतलेल्या वजनापेक्षा साखळी दीडशे मिलिग्रॅम जड झाली तर डाखेचा ढेकूळ बसला आहे असं समजा. कसावर होणारा परिणामही पाहा: 15 ग्रॅम 916 च्या साखळीत 750 कसाची दीडशे मिलिग्रॅम डाख गेली तर अख्ख्या साखळीचा कस साधारण 914 वर येतो. एका वेळेस फरक थोडा, पण दर वर्षी असाच टाका पडत गेला तर मोड घालताना तो दिसतो.

7. जोड तपासणं

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची पाहणी पॉलिशच्या आधीची. "भाऊ, पॉलिश मारायच्या आधी जोड दाखवा" इतकं काम टाकतानाच सांगून ठेवा. पॉलिशच्या चाकाखाली मऊ सोनं सरकतं आणि बारीक छिद्रांवर पसरून त्यांचं तोंड बंद करतं. नंतर कितीही भिंग लावलं तरी आतलं दिसत नाही. साखळी बाहेर पाठवली जाणार असेल तर पॉलिशआधीचा जवळून काढलेला फोटो मागा.

*भिंगातून काय दिसायला हवं.* लेसरच्या जोडावर गोल ठिपक्यांची ओळ दिसते. नाण्यांची चळत आडवी कलंडावी तसे ते एकमेकांवर चढलेले हवेत. ठिपके सुटे सुटे असतील तर मधल्या जागा जोडलेल्या नाहीत. कडी उलटून मागची बाजू पाहा. तिथे ठिपके नसून सरळ रेघ दिसली तर जोड एकाच बाजूने झाला आहे. मध्ये खळगा असेल तर तार कमी पडली. ठिपक्याच्या मधोमध केसासारखी चीर असेल तर तो जोड तडकला आहे, त्यावर पुन्हा ठोका मारणं म्हणजे वरून झाकणं. ती जागा कापून नव्याने भरायला सांगा.

डाखेच्या जोडावर कडीभोवती अखंड, बारीक रेघ दिसते किंवा काहीच दिसत नाही. एका बाजूला गोळी आणि दुसऱ्या बाजूला फट असेल तर डाख वाहिलीच नाही, कारण कडी पुरती तापली नव्हती. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील तर उलट जास्त तापली. जोडाचा रंग शेजारच्या कडीपेक्षा फिका किंवा हिरवट असेल तर डाख कमी कसाची आहे.

*सुईची चाचणी.* शिवणकामाची सुई जोडावरून आडवी, अगदी हलकेच फिरवा. जोर लावला तर सोन्यावर ओरखडा उठेल. टोक कुठे अडकलं तर तिथे फट आहे. डोळ्याला न दिसणारं सुईला कळतं.

*लवचिकपणा.* साखळीचं एक टोक धरून लोंबकळत सोडा. ती सरळ रेषेत पडली पाहिजे. मग दुरुस्तीचा भाग पेन्सिलीवरून हळूहळू ओढा. बाकीच्या कड्या जशा वळतात तशीच ती कडी वळली पाहिजे. एका जागी कोन होत असेल तर कड्या चिकटल्या आहेत. बोटांनी मोडून सोडवायला जाऊ नका. जोर जोडावरच येतो.

*वाकवणं.* पोटात न जोडलेला लेसरचा जोड सरळ ओढला तर बऱ्याचदा टिकतो, पण वाकवला की उघडतो. हे काम कारागिराकडून करून घ्या: दोन पकडींनी जोडाच्या दोन्ही बाजूंना धरून कडी अगदी किंचित उघडण्याचा प्रयत्न करायचा आणि लगेच भिंगाखाली पाहायची. चांगला जोड असेल तर कडी जोडावर न उघडता पूर्ण वळणात किंचित रुंदावते. कारागीर हे करायला कचरत असेल तर त्याचं कारण विचारा.

*वजन टांगणं.* भरीव साखळीसाठीच. आधी साखळी टेबलावर सरळ ठेवून दुरुस्तीच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पाच कड्यांची मिळून लांबी मोजा. मग फासा लावून साखळी गुळगुळीत खुंटीला अडकवा आणि खाली वजन टांगा. तार 0.8 मिलिमीटर किंवा जाड असेल तर 500 ग्रॅम, अर्ध्या मिलिमीटरची बारीक साखळी असेल तर 200 ग्रॅमच. एक मिनिट थांबा. हिसका देऊ नका. काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल आणि जोड जसाच्या तसा असेल, तर डाख पक्की आहे पण शेजारच्या कड्या ज्योतीने मऊ पडल्या आहेत. अशी साखळी जड पदक अडकवायला वापरू नका.

*कॅरेट मीटर.* दुकानातलं यंत्र जोडावर धरून "बघा, 916" असं दाखवलं जातं. ते यंत्र पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचतं आणि त्याचा झोत बहुधा जोडापेक्षा रुंद असतो, म्हणजे शेजारचं चांगलं सोनंही त्यात मोजलं जातं. तो आकडा कसासाठी अंदाज म्हणून ठीक. जोड पक्का आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

8. घरी आणल्यावर, आणि परत तुटली तर

पहिल्या आठवड्यात झोपताना साखळी काढून ठेवा आणि रोज एकदा ती कडी भिंगातून पाहा. कच्चा जोड एकदम तुटत नाही, आधी त्यावर काळी रेघ उमटते. उघडलेल्या फटीत मळ शिरतो म्हणून ती काळी दिसते. ही रेघ दिसली की साखळी घालणं थांबवा आणि पावती घेऊन जा.

परत तुटलीच तर टोकं पुन्हा तशीच पाहा. त्याच जोडावर, सपाट टोकाने तुटली असेल तर काम कच्चं होतं आणि ते मजुरी न घेता करून मिळालं पाहिजे. शेजारची कडी बारीक होऊन तुटली असेल तर दोष जोडणाऱ्याचा नाही. त्या वेळी एकेक कडी जोडत बसू नका. फाशाजवळच्या दोन्ही बाजूंच्या दहा-दहा कड्यांची खाच मोजून घ्या, कारण मानेवर घासणारा आणि रोज हाताळला जाणारा भाग तोच असतो. त्यातल्या अर्ध्याहून जास्त कड्या निम्म्यावर आल्या असतील तर तेवढा पट्टा कापून नवा घालायचा खर्च आणि मोड घालून नवी साखळी घ्यायची घडणावळ, हे दोन आकडे सराफाकडून शेजारी शेजारी लिहून घ्या आणि मगच ठरवा.